परिषद झाली, आभाराचा मेल गेला, पण अभिप्रायाची लिंक उघडत नाही. मदत हवी आहे

केळीपट्टा: शनिवारी जळगावात आमची केळी परिषद झाली. सोमवारी २१० जणांना आभाराचा मेल पाठवला, खाली गूगल फॉर्मची लिंक दिली. उत्तरं तीनच आली. माझ्याकडे लिंक व्यवस्थित उघडते, लोक म्हणतात उघडत नाही. संध्याकाळी सरांना आकडा द्यायचाय. लवकर सांगा.

धुळेकर: सगळे पत्ते To मध्ये टाकले असतील. BCC मध्ये टाका, नाहीतर प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते दिसतात.

केळीपट्टा: BCC मध्येच होते हो.

भुसावळकर: मेल कोण बघतो? आमच्या पतसंस्थेच्या सभेनंतर मी व्हॉट्सॲपवरच आभार मानले, तासाभरात चाळीस अंगठे आले.

तापीकाठ: अंगठे म्हणजे अभिप्राय नव्हे, भाऊ. केळीपट्टा, लोकांना नेमकं काय दिसतं? फॉर्म कोणत्या आयडीवरून बनवला? आणि ती तीन उत्तरं कोणाची?

केळीपट्टा: कॉलेजच्या आयडीवरून. तिघंही आमचेच प्राध्यापक. रावेरच्या एका शेतकरीदादांनी स्क्रीनशॉट पाठवलाय, त्यात You need permission असं आहे.

तापीकाठ: मग हेच कारण. संस्थेच्या आयडीवरचा फॉर्म बऱ्याचदा संस्थेतल्याच लोकांपुरता राहतो. तुम्ही त्याच आयडीने लॉगिन आहात, म्हणून तुम्हाला उघडतो. फॉर्म कोण भरू शकेल, तिथे Anyone with the link करा. तो पर्याय दिसलाच नाही, तर कॉलेजचं ईमेल सांभाळणाऱ्यांनी बंद केला असेल; मग फॉर्म साध्या जीमेलवरून नव्याने बनवा. नंतर Limit to 1 response बंद करा, त्याने लॉगिन मागतं. फोटो किंवा फाइल जोडायला लावणारा प्रश्न असेल तर तोही काढा, त्यालाही लॉगिन लागतं. शेवटी इनकॉग्निटो विंडोत लिंक उघडून बघा.

धुळेकर: मर्यादा काढली तर एकच माणूस पाच वेळा भरेल!

तापीकाठ: भरेल एखादा. पण लॉगिनपाशी परत जाणारे जास्त असतात.

धुळेकर: मला नाही पटत.

केळीपट्टा: पर्याय सापडला, इनकॉग्निटोत उघडलं. लिंक तीच आहे. पुन्हा मेल करू का?

तापीकाठ: करा, पण आभार परत नकोत. "लिंक आमच्याकडून बंद राहिली होती, आता उघडते, दोन मिनिटं लागतील" एवढंच, आणि लिंक वरच्याच ओळीत. वक्त्यांना या यादीतून वगळा. त्यांना वेगळं लिहा, त्यांच्या सत्रात काय विचारलं गेलं ते घालून.

यावलची ताई: सभागृहाच्या माणसांचं काय केलंत?

केळीपट्टा: व्यवस्थापकांना त्याच यादीत मेल गेला, ताई.

यावलची ताई: माइक सांभाळणाऱ्या आणि चहा देणाऱ्यांपर्यंत तो पोचलाच नाही मग. त्यांना अभिप्रायाची लिंक कशाला? एका कागदावर प्रत्येकाचं नाव आणि काम लिहा, सही करून द्या. व्यवस्थापक तो भिंतीवर लावतात.

भुसावळकर: परिषदेत भरीत-पुरी होती का?

केळीपट्टा: होती. दुसरा मेल गेला, अर्ध्या तासात १९ उत्तरं. करप्याच्या सत्राला वेळ कमी पडला असं सहा जणांनी लिहिलंय. ताई, माइकवाल्या दादांचं नाव मला माहीत नाही, आता फोन लावतो.