मदत हवी आहे: फ्रेंचमध्ये कधी 'द' कधी 'द्यू', आन्सर की बघून डोकं फिरलंय

केतकी_नाशिक
क्लासमध्ये शिकवलंय की क्वांटिटी आली की पुढे नुसतं 'द' लावायचं, 'द्यू' 'द ला' 'दे' सगळं जातं. मी सगळीकडे तेच लावलं आणि पाच वाक्यांतली तीन चूक. अर्धं दूध म्हणजे क्वांटिटीच ना, मग तिथे की मध्ये 'द्यू' का दिलंय? परवा टेस्ट आहे, प्लीज लवकर सांगा कुणीतरी.

पाटील_जी
की चुकीची असेल. क्वांटिटीनंतर 'द'च येतं, याला अपवाद नाही. आम्हाला बारावीपर्यंत हेच होतं आणि मार्क पण मिळाले. प्रिंटिंग मिस्टेक समजा आणि पुढे चला.

सुनीता_जोशी
केतकी, वाक्यं कुठली आहेत? "अर्धं दूध" हे तू मराठीत सांगतेयस, फ्रेंचमध्ये नेमका शब्द कुठला होता त्यावर सगळं अवलंबून आहे. पूर्ण एक्सरसाइज टाक.

आदित्य_ठाणे
माझी मुलगी पाचवीत आहे, तिला पुढे फ्रेंच द्यावं की संस्कृत? स्कोरिंग कुठलं जास्त आहे? इथे फ्रेंचवाले दिसले म्हणून विचारतोय.

केतकी_नाशिक
वाक्यं ही. क्रेपची रेसिपी आहे, रिकाम्या जागा भरायच्या. मी सगळीकडे 'द' लिहिलं, फक्त अंड्यांपुढे आणि साखरेपुढे स्वर येतो का म्हणून गोंधळले होते.

```
250 g ___ farine, 4 ___ œufs, un demi-litre ___ lait
Versez la moitié ___ lait.
Si la pâte est épaisse, ajoutez un peu ___ lait.
Ne mettez pas ___ sucre.
Servez avec ___ confiture.
```

की मध्ये दुसऱ्या वाक्यात द्यू आहे, शेवटच्यात द ला, आणि अंड्यांपुढे काहीच नाही, फुली मारलीय. पहिल्या ओळीत अर्धा लिटर दुधाला 'द' आणि दुसऱ्या ओळीत अर्ध्या दुधाला 'द्यू', मला हेच कळत नाहीये, दोन्ही अर्धंच आहे.

सुनीता_जोशी
आता कळलं. की बरोबर आहे पाटीलजी, कृपया मुलीला चुकीचं सांगू नका, परवा टेस्ट आहे तिची.

केतकी, 'अं दमी-लित्र' हे माप आहे. किलो, लिटर, बाटली, चिमूट, थोडं, खूप, तसंच. मापाला कुठलं दूध याच्याशी काही देणंघेणं नाही, नुसतं दूध म्हणून जो पदार्थ तो हवा असतो, म्हणून पुढे उघडं 'द'. 'ला म्वातिये' हे माप नाही, तो वाटा आहे. वाटा काढायचा तर आधी अख्खी वस्तू समोर पाहिजे. पहिल्या ओळीत अर्धा लिटर दूध मोजून ठेवलंय, दुसऱ्या ओळीत त्याच दुधातलं अर्धं ओतायचंय. म्हणजे ते ठरलेलं दूध, 'ल ले'. 'द' आणि 'ल' एकत्र आले की 'द्यू' होतं. म्हणून तिथला द्यू हा तू शिकलेला "थोडंसं" वाला द्यू नाहीच, दिसायला सारखा आहे इतकंच. दुधाऐवजी पीठ ठेवून बघ, 'ला म्वातिये द ला फारीन' होतं, तिथे लगेच दिसतं की 'ला' तसाच उभा आहे.

```
un demi-litre de lait      (माप)
la moitié du lait          (वाटा)
le reste du lait           (वाटा)
la plupart des crêpes      (वाटा)
```

मराठीत आपण हा फरक रोज करतो. दुकानदाराला "अर्धा लिटर दूध द्या" म्हणतो आणि घरात "दुधातलं अर्धं काढून ठेव" म्हणतो. "दुधातलं" असं म्हणावंसं वाटलं की फ्रेंचमध्ये आर्टिकल राहतं.

पाटील_जी
बरं, ला म्वातियेचं मानलं. पण मग 'द'चा नियम चुकला असं नाही ना, मापाला 'द'च. आणि निगेटिव्हला पण नेहमी 'द', ते साखरेचं वाक्य बघा.

सुनीता_जोशी
मापाला 'द', हो, मान्य. पण "नेहमी" इथेही चालणार नाही. साखर घालू नका, दूध पीत नाही, पाव घेत नाही, या सगळ्यांत 'द'. पण 'एत्र' क्रियापद आलं की नाही. "हे बटर नाही, मार्गारीन आहे" या वाक्यात बटरपुढे द्यूच राहतो, कारण बटर किती याबद्दल काही म्हणायचंच नाहीये, ती वस्तू कुठली एवढंच सांगायचंय.

लियॉनकर
मी इथे लियॉनला राहतो. बाजारात लोक अर्धा किलो क्वचित म्हणतात, 'युन लिव्र' म्हणतात, तोलताना पाचशे ग्रॅम. त्याच्यापुढेही 'द'च. आणि 2 फेब्रुवारीला शांदलरला घरोघरी क्रेप करतात. तुमच्या रेसिपीत एक चिमूट मीठ आणि थोडं वितळवलेलं बटर राहिलंय, मिश्रण तासभर ठेवलं तर छान होतं. पहिला क्रेप तव्याला चिकटतोच, त्याचं टेन्शन घेऊ नका.

केतकी_नाशिक
रेसिपी नको आहे हो दादा, टेस्ट आहे. जोशी मॅडम, ला म्वातिये कळलं. पण अंड्यांचं? आणि शेवटच्या वाक्यात जाम किती ते कुठे सांगितलंय, तरी माझं उत्तर चूक का?

सुनीता_जोशी
अंडी चार, म्हणजे नुसता आकडा. आकड्यापुढे थेट नाम येतं, 'द' मध्ये शिरत नाही. डझन मात्र माप आहे, म्हणून 'une douzaine d'œufs'. 'केल्क' आणि 'प्लुझ्योर' हे पण आकड्यासारखेच वागतात, अर्थ "काही" "बरेच" असा असला तरी त्यांच्यापुढे 'द' नाही. तिथे क्लासमधली अर्धी मुलं फसतात.

शेवटच्या वाक्यात तू स्वतःच सांगितलंस, माप नाहीये. माप नाही, नकार नाही, मग 'द' कशासाठी? थोडासा जाम, किती ते ठरलेलं नाही, म्हणून 'द ला काँफित्यूर'. 'आव्हेक' नंतर असंच. 'सां' आलं असतं तर मात्र काहीच लावलं नसतंस.

रोहन_एम
एक शंका. तिसऱ्या वाक्यात "थोडं दूध घाला" आहे. अर्धं आधीच ओतलंय, म्हणजे उरलेल्या दुधातलंच थोडं. मग 'अं प्यू द्यू ले' का नाही? मॅडमच्याच लॉजिकने ते दूध ठरलेलं आहे.

लियॉनकर
बरोबर आहे रोहनचं. इथे लोक दोन्ही बोलतात. "उरलेलं दूध" असं पुढे जोडलं तर द्यू लागतोच.

सुनीता_जोशी
पुढे 'की रेस्त' जोडलं असतं तर वादच नव्हता. नुसत्या वाक्यात मी 'द' लिहीन, कारण घट्ट झालं तर थोडं दूध, फडताळातलं कुठलंही चालेल. द्यू लिहिणाऱ्याला मी मार्क कापले नसते, पण कीने तपासणारे कापतील.

रोहन_एम
मग हा प्रश्न असा विचारायलाच नको. वरचं वाक्य दूध ठरवून टाकतं आणि खालच्यात ते विसरायचं, हे मला पटत नाही.

पाटील_जी
टेस्टमध्ये 'अं प्यू'ला 'द' लिहा आणि मोकळे व्हा.

केतकी_नाशिक
तेच लिहिणार. पण अजून एक वाक्य आठवलं, आणलेल्या टोमॅटोंमधला एक किलो. यात किलो आहे म्हणजे माप, पण टोमॅटो ठरलेले आहेत. मग?

सुनीता_जोशी
फ्रेंचमध्ये वाक्य टाक. "आणलेले" साठी तिथे 'क' लावून पूर्ण वाक्य जोडलं असेल तर 'दे', किलो असला तरी.

आदित्य_ठाणे
संस्कृतचं कुणी सांगितलं नाही.