शब्दचर्चा: 'इस्टेशन' होतं, मग 'इगलास' का होत नाही?

टाचणी
नमस्कार मंडळी. मी जुन्या मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकून लिहून काढतेय. बोलणारे बहुतेक वयस्क, शाळेत फारसे न गेलेले. कोण कसं बोलतं ते जसंच्या तसं लिहायचं असल्यामुळे मी उच्चारांची एक वही ठेवली आहे. तिच्यात एका बाजूला इस्टेशन, इस्कूल, इस्टूल, इस्पेशल आहेत आणि दुसऱ्या बाजूला गिलास, किलास, पलेट, बुरूश.

म्हणजे जोडाक्षर फोडायला सगळे स्वरच वापरतात, पण 'स्टेशन'मध्ये तो पुढे लागतो आणि 'ग्लास'मध्ये मधे घुसतो. 'इगलास' किंवा 'सिटेशन' म्हणणारं एकही माणूस मला अजून सापडलेलं नाही. यांना कुणी शिकवलं नव्हतं, एकमेकांना ते ओळखतही नव्हते. तरी सगळे एकाच जागी स्वर कसे घालतात?

स्वभाषाव्रती
मुळात इंग्रजी शब्द घेतलेच नाहीत तर हा प्रश्नच येत नाही. स्टेशनला 'स्थानक' हा सुंदर शब्द आहे. तो वापरा, उच्चार आपोआप शुद्ध होतील.

टाचणी
काका, शब्द मी निवडत नाहीये, बोलणाऱ्यांनी आधीच निवडलेत. शिवाय 'स्थानक'ही स्थ नेच सुरू होतो. त्याच लोकांना तो म्हणायला लावला तर बहुधा 'अस्थानक' ऐकू येईल.

दुपारचा चहा
मला वाटतं हा साधा आळस आहे. सुरुवातीला असं जोडाक्षर आलं की म्हणायला जड जातं, म्हणून जीभ सोपा मार्ग काढते. 'इस्टेट' बघा ना. 'स्टेट'ला इ लावून आपण 'इस्टेट' केलं आणि आता सुशिक्षितसुद्धा तेच म्हणतात. 'इस्पितळ'ही तसंच, 'स्पिटल'ला इ.

हलन्त
चहा, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे.

'इस्टेट' आपण केलेलं नाही. इंग्रजीत 'एस्टेट' असाच शब्द आहे आणि तो आपण तयारच उचलला. पण त्यातला पुढचा स्वर जोडलेला आहे हे तुमचं म्हणणं खरं. फक्त तो जोडणारे लोक वेगळे. मूळ लॅटिन शब्द 'स्टाटुस'. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात पश्चिमेकडचे लोक बोलताना स आणि त्यामागे व्यंजन असलं की पुढे इ किंवा ए लावू लागले. कोरीव लेखांत 'स्कोला'च्या जागी 'इस्कोला' अशी रूपं सापडतात. लेख कोरणाऱ्याला शुद्धलेखन येत नव्हतं म्हणून आपल्याला त्याचा उच्चार कळतो. टाचणीताई, तुमच्या वहीचं मोल यावरून ओळखा.

तर 'स्टाटुस'चं जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्टाट' झालं, ते इंग्रजीत जाऊन 'एस्टेट' झालं आणि तिथून आपल्याकडे इस्टेट आली. इंग्रजीत 'स्टेट' आणि 'एस्टेट' ही एकाच घरातली दोन भावंडं आहेत, एक इ-वाला आणि एक बिन-इचा. 'स्कोला'चं स्पॅनिशमध्ये 'एस्क्वेला' झालं. फ्रेंचमध्ये आधी 'एस्कोल' झालं, मग त्यातला स गळून 'एकोल' उरलं. म्हणजे ज्या स मुळे तो ए आला, तो स निघून गेला आणि पाहुणा ए घरमालक होऊन बसला.

त्यामुळे 'इस्कूल' म्हणणाऱ्याला कुणी हसलं तर त्याने स्पॅनिश माणसाकडे बोट दाखवावं.

'इस्पितळ' मात्र या रांगेत बसत नाही. ते पोर्तुगीजांकडून आलं आणि पोर्तुगीज 'हॉस्पिटल'मधला ह उच्चारत नाहीत. म्हणजे सुरुवातीचा स्वर मूळचाच होता, आपण ओचा इ केला एवढंच. पुढे स्वर दिसला की तो जोडलेलाच, असं धरून चालू नये. आधी शब्द कुठून आला ते पाहावं.

दुपारचा चहा
मान्य. पण मग टाचणीचा मूळ प्रश्न तसाच राहिला. ग्लासला पुढे का नाही?

हलन्त
एक प्रयोग करा. 'ग्ल' अगदी सावकाश म्हणा. ग सुटतो आणि जीभ ल कडे जाते, त्या वाटेत एक पुसटसा स्वर आपोआप ऐकू येतो. तो थोडा लांबवला की 'गिलास' झालंच. आता 'स्ट' सावकाश म्हणा. स ची शीळ चालू असते आणि जीभ ट साठी लागली की ती एकदम तुटते. मधे स्वरासारखं काहीच नाही. तिथे जबरदस्तीने स्वर घातला तर 'सिटेशन' होतं आणि ते कानाला वेगळाच शब्द वाटतं. पुढे इ लावला तर 'स्ट' ची जोडी जशीच्या तशी राहते, 'पुस्तक', 'रस्ता' यांतल्यासारखी शब्दाच्या पोटात जाऊन बसते. तिथे ती आपल्याला कधीच अवघड नव्हती.

म्हणजे हा आळस नाही. जिथे डाग कमीत कमी दिसेल तिथे ठिगळ लावायचं, असा हिशेब आहे. इजिप्तमधले अरबी बोलणारे इंग्रजी शिकताना 'स्टडी'ला 'इस्टडी' म्हणतात आणि 'प्लास्टिक'ला 'बिलास्टिक'. प त्यांच्याकडे नसल्यामुळे त्याचा ब झाला ते सोडा, स्वरांच्या जागा पाहा. टाचणीताईंच्या वहीतल्याच आहेत.

कागदी होडी
मी जपानी कागदपत्रांचं भाषांतर करते. तिकडे हा हिशेब अजिबात चालत नाही. जपानीत न सोडला तर व्यंजनाने शब्द संपत नाही आणि जोडाक्षर जवळजवळ नाहीच, त्यामुळे प्रत्येक फटीत स्वर भरतात. 'स्ट्राइक'चं 'सुतोराइकु' होतं. एका अक्षराचा शब्द, त्याची पाच झाली.

सुरुवातीच्या दिवसांत मी यातच आपटले होते. एका मजकुरात 'सुतोराइकि' आलं. मला वाटलं छपाईची चूक आहे, मी ते बेसबॉलच्या 'स्ट्राइक'चं समजून पुढे गेले. मजकूर होता कामगारांच्या संपाचा. जपानीत संप म्हणजे 'सुतोराइकि' आणि बेसबॉलमधला 'सुतोराइकु'. इंग्रजी शब्द एकच, पण दोनदा आला आणि दोन्ही वेळा शेवटी वेगळा स्वर लागला. केकचं 'केएकि', शाईच्या इंकचं 'इन्कि' अशी जुन्या शब्दांत क नंतर इ दिसते. नव्या शब्दांत बहुतेक उ. मी आता शेपटीवरून शब्दाचं वय ओळखायचा प्रयत्न करते. नेहमी जमतंच असं नाही.

टाचणी
होडी, हे भारी आहे. माझ्या वहीत एक तिसरा कप्पाही आहे, तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. काही जण 'इस्टेशन' म्हणतच नाहीत. ते सरळ 'ठेसन' म्हणतात. स गायब. आणि ट नाही, स्पष्ट ठ. मी फीत दहा वेळा मागे नेऊन ऐकली.

कागदी होडी
स गायब करणं फिनिश लोकांचं आवडतं काम. त्यांनी स्वीडिशमधून शब्द घेताना सुरुवातीच्या गर्दीतलं शेवटचं व्यंजन तेवढं ठेवलं. 'स्कूल'च्या जातीच्या शब्दाचं 'कोउलु', 'ग्लास'चं 'लासि'. किनाऱ्याला स्वीडिशमध्ये 'स्ट्रांड', त्याचं फिनिशमध्ये 'रान्ता'. तीनांतली दोन उतरवली.

ओवी
मी पालीची विद्यार्थिनी आहे, उशिरा येतेय. हे सगळं आपल्याकडे फार आधी घडून गेलंय. संस्कृत 'स्नेह' पालीत 'सिनेह', 'क्लेश'चं 'किलेस', 'श्री'चं 'सिरी'. स्वर मधे. आणि 'स्त्री'? 'इत्थी'. स्वर पुढे!

'ठेसन'चंही तसंच बघा. सुरुवातीला स्त, स्थ, स्क आलं की प्राकृतात स जायचा आणि मागच्या व्यंजनात ह मिसळल्यासारखं व्हायचं. 'स्तन'चं थान, 'स्कंध'चा खांदा, 'स्थान'चं ठाण. त्याच चालीवर 'स्टेशन'चं 'ठेसन'. दीड-दोन हजार वर्षांचा नियम अजून जिवंत आहे!

हलन्त
ओवी, इत्थीचं उदाहरण लाखमोलाचं. पण ठेसनबद्दल मी इतक्या लवकर हो म्हणणार नाही. 'स्कंध'चा खांदा झाला तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून झिजत. आगगाडी आली तेव्हा तो नियम कधीच थांबलेला होता. तो जिवंत असता तर 'स्कूल'चं 'खूल' ऐकू यायला हवं होतं. टाचणीताई, वहीत आहे का?

टाचणी
नाही. 'इस्कूल' आणि एका ठिकाणी 'सकूल' आहे. 'खूल' कुठेच नाही.

हलन्त
मग मला वाटतं 'ठेसन'चा ठ शेजाऱ्याकडून आला असावा. 'ठाणं', 'ठिकाण', 'ठेवणे' हे थांबण्या-बसण्याचे शब्द तोंडात आधीच होते. परका शब्द आला की लोक त्याला ओळखीच्या कुणाच्या तरी शेजारी बसवतात. सिद्ध करता येणार नाही, मान्य.

ओवी
शेजारी असेलही. पण ते सगळे शेजारी मुळात त्याच नियमाने ठ झालेले आहेत, स्था-मधूनच. म्हणजे नियम मेला तरी त्याची माणसं मागे आहेत. मी माझा मुद्दा पूर्ण सोडत नाहीये.

दुपारचा चहा
एक शंका. 'सकूल' पंजाबीत सर्रास म्हणतात, 'सटेशन'ही. म्हणजे ते ठिगळ नको तिथेच लावतात. मग हलन्त यांचा डागाचा हिशेब तिथे कुठे गेला?

हलन्त
हा माझ्या सांगण्यातला कच्चा दुवा, चांगला पकडलात. स्पॅनिशही दुसऱ्या बाजूने अडवते. तिथे 'स्लोगन'चं 'एस्लोगन' होतं, म्हणजे स च्या मागे ल असला तरी स्वर पुढेच. स नंतर काय आहे ते ती पाहतच नाही. त्यामुळे माझा हिशेब कल सांगतो, कायदा सांगत नाही. उलटी भाषा, म्हणजे 'सिटेशन' आणि 'इगलास' अशी जोडी ठेवणारी, माझ्या पाहण्यात नाही. कुणाला सापडली तर जरूर टाका.

ओवी
टाचणी, तुमच्या फितींत बाईमाणसाला कुणी 'अस्तुरी' म्हणतं का?

टाचणी
म्हणतात की. एका आजोबांच्या बोलण्यात तर पुष्कळदा. का?

ओवी
तो शब्द फोडून बघा. 'स्त्री'मध्ये स, त, र तीन व्यंजनं एका दमात. स-त च्या पुढे अ लागला आणि त-र च्या मधे उ घुसला. तुमच्या वहीतले दोन्ही कप्पे एकाच शब्दात.

टाचणी
थांबा, फीत पुन्हा लावते. आजोबा 'अस्तुरी' म्हणतात हे नक्की, पण एका जागी मला 'इस्तरी' ऐकू आलं होतं आणि मी समोर 'कपड्यांची?' असं लिहून ठेवलंय.

स्वभाषाव्रती
कपड्यांची इस्त्रीही परकीच हो. पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून आली म्हणतात. आमच्या काळी हे कुणी सांगितलं नव्हतं.