शिवणवर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा: कामांची यादी की फिनिशिंगचे गुण?

शिवणवर्ग_रामबाग: इंदूरला आमच्या मंडळाचा शिवणवर्ग आहे. प्रात्यक्षिकाला सुती कापडाचा, अस्तर लावलेला, गोल गळ्याचा चार टक्सचा ब्लाउज असतो. २० कामांची यादी आहे. काम केलं की ४ गुण, असे ८०. तयार ब्लाउजच्या फिनिशिंगला १ ते ५, त्याला ४ ने गुणून २०. परीक्षार्थी क्रमांक ७ ने सगळी कामं केली, पण गळ्याला झोळ आहे. फिनिशिंग २, एकूण ८८. क्रमांक ११ ने चार कामं सोडली, ब्लाउज सुरेख झाला. फिनिशिंग ५, एकूण ८४. पहिला नंबर ७ ला द्यायचा का? की यादीच बंद करावी?

मल्हारगंज_टेलरिंग: यादी बंद करा. माझ्या दुकानात कारीगर ठेवताना मी त्याला एक ब्लाउज शिवायला देतो आणि तो उलटा करून बघतो. आतली शिवण, हूकपट्टी, गळा, बास. कच्चा टाका घातला होता का, हे गिऱ्हाईक विचारत नाही. झोळ पडलेल्या गळ्याला पहिला नंबर दिलात तर वर्गातल्या मुलींना काय कळेल? हेच की काम उरकलं म्हणजे झालं.

निवृत्त_निदेशक: ताई, निकाल लावण्याआधी एक सांगा. ११ ने सोडलेली चार कामं कोणती? आणि गळ्याबद्दल यादीत नेमकं काय लिहिलंय?

शिवणवर्ग_रामबाग: सोडलेली कामं: कच्चा टाका घालणे, प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री, अस्तरावर खडूने खुणा पुन्हा करणे, शेवटी मशीन पुसून ठेवणे. गळ्याबद्दल एकच ओळ आहे, ‘गळ्याला उरेब पट्टी लावली’. ७ च्या पुढे हो, ११ च्या पुढेही हो.

निवृत्त_निदेशक: गडबड इथेच आहे. आयटीआयमध्ये मी बरीच वर्षं शिवणकाम शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

११ ने जे सोडलं त्यातला कच्चा टाका आणि खडूच्या खुणा ही कामं शिकाऊ हाताला आधार म्हणून असतात. हात बसला की टाचण्या लावून थेट टीप मारता येते. अशा कामाला ४ गुण ठेवले की चांगला हात असलेल्या मुलीचेच गुण जातात. उलट, ज्या ओळीवर गळा बसणार की बिघडणार हे ठरतं, ती ओळ तुम्ही इतकी मोघम लिहिलीत की दोघींना सारखे गुण मिळाले.

गोल गळ्याला पट्टी लावताना तीन गोष्टी परीक्षकाने उभं राहून बघायच्या असतात. पट्टी कापडाच्या धाग्याला ४५ अंशांत कापली का? आडवी किंवा अर्धवट तिरकी कापली तर ती वळणावर वळत नाही, पीळ घेते. टीप मारताना गळा ओढला का? गोल गळ्याचा काही भाग आपोआपच तिरप्या धाग्यावर येतो, तो ओढला की लांबतो आणि मग कितीही इस्त्री करा, उभाच राहतो. ओढायची ती पट्टी, तीही जराशीच. आणि पट्टी उलटवण्याआधी वळणावर चिरे दिले का? साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचावर, टिपेच्या एक-दोन धागे अलीकडे थांबणारे. चिरे नसतील तर आत कापड गोळा होतं, आणि चिरा टिपेतून गेला तर पहिल्या धुण्यात तिथे भोक.

‘लावली’ या शब्दाने यातलं काहीच तपासलं जात नाही. यादी बंद करू नका, ती ओळ मोडून तीन करा. ७ च्या उरलेल्या चिंध्या ठेवल्या असतील तर पट्टीचा तुकडा हातात धरून ताणून बघा. खरी उरेब पट्टी लवचिक ताणली जाते आणि सोडली की बरीचशी परत येते.

गृहिणी_लोकमान्यनगर: मला या फिनिशिंगच्या गुणांचाच राग आहे. माझ्या मुलीने एका ठिकाणी असाच कोर्स केला. यादीतलं सगळं तिने केलं, फिनिशिंगला २ दिले. का, ते विचारलं तर उत्तर आलं, ‘हाताला सफाई नाही’. याला काही माप आहे का? ज्या मुली बाईंच्या घरी शिवायला जायच्या त्यांना ४ आणि ५. यादीत निदान हो की नाही एवढंच असतं, तिथे आवडनिवड चालत नाही. मी तर म्हणेन १०० गुण यादीलाच द्या.

मल्हारगंज_टेलरिंग: काकू, सफाई डोळ्याला दिसते हो.

गृहिणी_लोकमान्यनगर: तुमच्या डोळ्याला दिसते. माझ्या मुलीला कुठे चुकलं ते कळायला हवं की नको?

निवृत्त_निदेशक: काकूंचं दुखणं खरं आहे. १ ते ५ नुसते आकडे लिहून ठेवले की प्रत्येक परीक्षक आपापल्या मनातला ३ देतो. प्रत्येक आकड्याचा अर्थ आधी लिहून ठेवावा लागतो, आणि तो बघता येण्याजोगा हवा. गळ्यापुरता मी असा लिहीन: ब्लाउज टेबलावर पसरला की गळा सपाट बसतो, पट्टीची रुंदी सगळीकडे सारखी आहे, आतले हाताचे टाके सुलट बाजूला दिसत नाहीत, तर ५. एकदोन ठिकाणी रुंदी बदलते किंवा थोडी सुरकुती आहे, पण इस्त्रीने बसते, तर ३. इस्त्रीनंतरही गळा उभा राहतो किंवा पट्टी पीळ खाते, तर १. मधल्यांना २ आणि ४. असंच टक्सच्या टोकांचं, बाहीच्या मुंढ्याचं आणि हूकपट्टीचं. या चारही भागांना वेगवेगळे आकडे द्या, एकच ढोबळ आकडा नको. मग मुलीला सांगता येतं की तुझा मुंढा ४ आहे, गळा १ आहे.

ब्लाउजला नावाऐवजी नंबरची चिठ्ठी लावा. दोन परीक्षकांनी एकमेकांना न सांगता आकडे लिहावेत. दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर दोघांनी तोच ब्लाउज समोर ठेवून पुन्हा बघावा. काम चालू असताना यादी भरणारी व्यक्ती शक्यतो वेगळी असावी, कारण जिला काम करताना पाहिलं तिचा ब्लाउज कोऱ्या नजरेने बघणं कठीण जातं.

सुईदोरा_मी: माझ्या ब्लाउजचा गळा घातल्यावर पुढे झुकतो, खाली वाकलं की उघडा पडतो. पट्टी उरेबच होती. मग माझं काय चुकलं?

निवृत्त_निदेशक: ताई, ब्लाउज टेबलावर ठेवल्यावर गळा सपाट बसत असेल तर शिवण ठीक आहे. मग खांद्याचा उतार आणि गळ्याची रुंदी तपासा, मापात फरक असणार. आणि हे परीक्षेलाही लागू आहे. ब्लाउज कुणी घालून दाखवणार नसेल तर बसण्याचे गुण फिनिशिंगमध्ये धरू नका. दिलेल्या मापाला तो उतरला का, हे टेप लावून वेगळं बघा.

पलासिया_शिलाई: मशीनचं कुणी बोलत नाहीये. केंद्रावरच्या मशीन सारख्या नसतात. वरचा दोरा घट्ट असला किंवा सुई बोथट असली की शिवणीवर चुण्या येतात, आणि फिनिशिंगमध्ये गुण जातात मुलीचे. आमच्याकडे एकदा कुणीतरी महेश्वरीचं उरलेलं कापड परीक्षेला दिलं. एवढ्या झिरझिरीत कापडावर १६ नंबरची सुई! सगळ्यांच्याच शिवणी ओढल्या गेल्या.

निवृत्त_निदेशक: बरोबर. सुरुवातीला त्याच कापडाच्या चिंधीवर टीप मारून बघायला दहा मिनिटं द्यावीत, आणि ‘चिंधीवर टीप तपासली, दोरा सैल-घट्ट करून घेतला’ ही यादीतली ओळ असावी. दोरा नीट करूनही मशीन ऐकत नसेल तर तिने हात वर करावा, मशीन बदलून द्यावी आणि गेलेला वेळ वाढवून द्यावा. हे काम तयार ब्लाउजवरून कळत नाही, म्हणूनच यादी लागते.

मल्हारगंजवाले भाऊ, तुम्हाला एक विचारतो. कारीगराने पुढचा भाग उभ्या धाग्यावर न ठेवता कापड वाचवायला तिरका कापला, तर शिवून इस्त्री केलेल्या साध्या कापडावर ते लगेच लक्षात येतं का?

मल्हारगंज_टेलरिंग: चौकडा किंवा पट्ट्या असतील तर येतं. साध्या पॉपलिनवर नाही येत चटकन. धुतल्यावर बाजूची शिवण पुढे फिरते, तेव्हा गिऱ्हाईक परत आणतं. अस्तराचंही तसंच, न भिजवता लावलं की धुतल्यावर आटतं आणि वरचं कापड फुगतं. ठीक आहे, एवढ्यापुरती यादी मानली. भिजवणं, उभा धागा, पट्टीचा तिरकेपणा, चिरे, टीप तपासणं. पण इस्त्री आणि खडू काढा. आणि ८० गुण? मुळीच नाही.

गृहिणी_लोकमान्यनगर: इस्त्री का काढायची? दाबून घेतलेली शिवण आणि न दाबलेली यात फरक पडत नाही का?

मल्हारगंज_टेलरिंग: पडतो ना, आणि तो तयार ब्लाउजवर दिसतो! मग गुण तिथे कापा. यादीतही कापले आणि फिनिशिंगमध्येही कापले तर एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा.

शिवणवर्ग_रामबाग: चिंध्या पाकिटात होत्या. ७ ची पट्टी ताणून पाहिली, जवळजवळ ताणलीच जात नाही. ११ ची छान ताणते. निदेशक काका, नव्या पद्धतीने गुण कसे मांडू? यादी ५० आणि फिनिशिंग ५० चालेल?

निवृत्त_निदेशक: पास-नापासासाठी बेरीज करूच नका. बेरीज केली की एकीकडची कमाई दुसरीकडचा खड्डा भरते, ७ च्या बाबतीत तेच झालं. दोन्हीकडे वेगळी पास-रेषा ठेवा. यादीतली उभा धागा, उरेब आणि चिरे ही कामं चुकली तर बाकी काही असो, तेवढा भाग पुन्हा. आणि फिनिशिंगच्या चारही भागांत किमान ३. या हिशेबाने ७ ला गळा पुन्हा करायला द्यावा लागेल, अख्खा ब्लाउज नव्हे. ११ पास.

शिवणवर्ग_रामबाग: पण मंडळाला बक्षिसासाठी पहिला, दुसरा, तिसरा काढावाच लागतो. बेरजेशिवाय कसा काढू?

निवृत्त_निदेशक: ज्या दोन्हीकडे पास झाल्या त्यांच्यातच, फक्त फिनिशिंगवर. सारखे गुण आले तर ठरलेल्या वेळेत आधी कुणी संपवलं ते बघा.

पलासिया_शिलाई: वेळ नको. घाईत शिवलेल्याला बक्षीस देणार का?

मल्हारगंज_टेलरिंग: वेळ हवाच. लग्नसराईत दुकान कसं चालतं, येऊन बघा. आणि आणखी एक ठरवा. फिनिशिंग शेवटच्या इस्त्रीच्या आधी बघायचं की नंतर? मी आधी बघेन. शिवणारीचा हात तेव्हाच दिसतो, इस्त्री पुष्कळ झाकते.

निवृत्त_निदेशक: मी नंतर बघेन. इस्त्री हा शिवणकामाचाच भाग आहे, आणि गिऱ्हाईकाच्या हातात ब्लाउज इस्त्री करूनच जातो. वर मी ३ चा अर्थच ‘इस्त्रीने बसते’ असा लिहिलाय, तो इस्त्रीआधी कसा लावणार?

मल्हारगंज_टेलरिंग: मग ३ चा अर्थ बदला.

शिवणवर्ग_रामबाग: पुढच्या बॅचला दोन्ही वेळा बघून आकडे वेगळे लिहून ठेवते. यादीच्या ओळी आज नव्याने लिहायला बसते. ७ ला बोलावलंय, तिला नवीन पट्टी कापायला देणार आहे.