ॲडमिनने स्पॅम उडवला, तुम्ही आभार कसे मानता? अनुभव लिहा

निफाडकर: आमच्या द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाच्या नंबरवरून पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल आली, म्हणजे त्याचाच फोन हॅक झालेला. ॲडमिनदादांनी लगेच डिलीट केली आणि खाली लिहिलं की कुणी उघडली असेल तर नेट बंद करा, बँकेला कळवा, १९३० ला फोन करा. पण त्यावर 🙏🙏 चा एवढा पाऊस पडला की ती सूचनाच वर निघून गेली. मग मी लिहिलं, "दादा, फाइल लगेच काढलीत, खूप आभार. ज्यांनी तुम्हाला फोन करून सांगितलं त्यांचेही आभार. कुणी उघडली असेल तर लाजू नका, दादांची सूचना परत टाकतोय." थोड्या वेळाने एकाने लिहिलं, मी उघडली होती, भीतीने गप्प होतो. तुमचे अनुभव सांगा.

सोसायटीवाली: आमच्याकडे ॲडमिन शिवीगाळीचा मेसेज काढतो म्हणाल्यावर एका काकांनी त्याच मेसेजला रिप्लाय करून आभार मानले होते, आणि मूळ मेसेज गेला तरी रिप्लायमध्ये शिवी तशीच दिसत राहिली! आता आम्ही आभाराचा मेसेज वेगळाच टाकतो, बाकीचे त्यावर फक्त अंगठा देतात.

अण्णा६२: आभार कसले, काढावंच लागतं. नाहीतर ॲडमिनलाच जेल होते.

वकीलबुवा: अण्णा, सरसकट तसं नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की समान हेतू किंवा आधीच ठरवून केलेलं नसेल तर सभासदाच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ॲडमिनचा स्वतःचाच हात असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक जण हे काम फुकट, स्वतःचा वेळ घालून करतात, म्हणून तर आभार मानायचे.

आंबेवाला देवगड: माझी हापूसची जाहिरात काढली हो, तो काय स्पॅम आहे का? पेटीचा भाव तर टाकला होता.

सोसायटीवाली: दादा, धागा आभाराचा आहे 😊 पण ग्रुपवर जाहिरातीचा वार ठरवून मागा, आमच्याकडे रविवारी चालते.

पालकसभा: आमच्या शाळेच्या ग्रुपवर मी आभार मानताना "ज्या ताईंनी ॲडमिनला पर्सनलवर कळवलं" एवढंच लिहिते, नाव नाही घालत, कारण शिवी देणारा त्यांच्यावर डूख धरतो. तेव्हापासून बाकीच्या आयापण ग्रुपवर भांडत न बसता थेट ॲडमिनला स्क्रीनशॉट पाठवायला लागल्या. मेसेज टाकणाऱ्याचं नावही मी घेत नाही.

निफाडकर: टाकणाऱ्याबद्दल मला नाही पटत ताई. फोन हॅक झाला असेल तर नाव सांगायलाच हवं ना, त्या नंबरवरून परत फाइल आली तर?

पालकसभा: हॅकच्या केसमध्ये बरोबर आहे, पण ते त्याला विचारून ॲडमिननेच लिहावं असं वाटतं. बाकीच्यांना काय वाटतं?