कर्मचारी गेल्यावर कंपनीने घरी पाठवलेलं सांत्वनपत्र : तुमचे अनुभव

आमच्या टूलरूममधले एक जुने कारागीर अलीकडेच हृदयविकाराने गेले. मी मनुष्यबळ विभागात आहे, त्यामुळे कंपनीतर्फे घरी जायचं पत्र माझ्याकडे आलं. फाइलमध्ये वर्षानुवर्षं वापरलेला मसुदा होता, तो असा :

"आपल्या पतीच्या दुःखद निधनाच्या वार्तेने व्यवस्थापनास तीव्र धक्का बसला. कै. ... हे अत्यंत मेहनती, मनमिळाऊ व प्रामाणिक होते. त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. कंपनी आपल्या पाठीशी सदैव खंबीरपणे उभी राहील. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. तरी सोबतच्या यादीप्रमाणे कागदपत्रे, ओळखपत्र व लॉकरची किल्ली त्वरित जमा करावी."

यातलं नाव बदललं की पत्र कुणाच्याही घरी जाऊ शकतं, आणि शेवटच्या ओळीने वरचं सगळं पुसलं जातं. मी टूलरूममध्ये जाऊन बसले. फोरमन म्हणाले, "त्यांची वही बघा." प्रत्येक डायमध्ये कधी काय बिघडलं, कुठे किती जाडीची पट्टी घातली, हे त्या वहीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. रात्रपाळीला काही अडलं की लोक ती वही उघडतात. मग पत्र असं गेलं :

"श्रीमती ... यांस, स. न.
आपले पती श्री. ... यांचे मंगळवारी निधन झाले. आपल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत.
ते १९ वर्षे आमच्या टूलरूममध्ये होते. प्रत्येक डायच्या दुरुस्तीची नोंद ते स्वतःच्या वहीत ठेवत. आजही तिन्ही पाळ्यांतले कारागीर त्या नोंदी पाहून काम करतात. नवीन मुलांना हातात कानस कशी धरायची हे त्यांनीच शिकवले.
आपण, मुले आणि सासूबाई यांच्याप्रती आमची मनःपूर्वक सहवेदना.
कंपनीकडून येणे असलेल्या रकमांसाठी आपल्याला आत्ता काहीही करायचे नाही. तेराव्यानंतर, आपल्या सोयीने, श्री. ... आपल्या घरी येऊन भेटतील. त्यांचा फोन क्रमांक खाली दिला आहे.
आपला, ..."

सही संचालकांची, शाईच्या पेनाने.

मला तुमचे अनुभव हवे आहेत. असं पत्र लिहिलं असेल, घेऊन गेला असाल, किंवा तुमच्या घरी आलं असेल, तर सांगा. काय लागलं, काय पुरलं, काय नको होतं?

गोदाकाठ
माझे बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. कंपनीचं पत्र आलं, त्यात "आपल्या कुटुंबाची सर्वतोपरी काळजी घेऊ" असं होतं. आईने ते जपून ठेवलं. दीड वर्षाने माझ्या कॉलेजच्या फीची वेळ आली तेव्हा ती तेच पत्र घेऊन ऑफिसात गेली. तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी पत्र वाचलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "वहिनी, असं सगळ्यांनाच लिहितात." आई घरी आली ती गप्पच. पैसे मिळाले नाहीत याचं तिला तितकं वाटलं नाही. तिने त्या वाक्यावर विश्वास ठेवला होता, ते तिच्या मनाला लागलं. तुम्ही 'पाठीशी सदैव' काढलंत ते फार बरं केलंत. माणूस घरी येईल एवढंच लिहा, आणि तो खरंच येऊ द्या.

फाइल_क्लिअर
पत्र छान आहे, पण दोन गोष्टी सुचवतो. पाच वर्षं नोकरी झाली नसेल तर पत्रात रकमांबद्दल बोलूच नये, कारण मग ग्रॅच्युइटी मिळत नाही आणि घरचे उगाच आशा धरून बसतात. दुसरं म्हणजे पत्र नेहमी रेकॉर्डवर असलेल्या नॉमिनीच्याच नावाने काढावं. कंपनीसाठी तेच सुरक्षित.

निवृत्त_आस्थापना
सहकारी बँकेत आस्थापना विभागात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फाइल_क्लिअर, पाच वर्षांची अट राजीनाम्याला आणि निवृत्तीला आहे, मृत्यूला नाही. कर्मचारी दोन वर्षांत गेला तरी त्या दोन वर्षांची ग्रॅच्युइटी घरच्यांना मिळते. भविष्यनिर्वाह निधीचा सभासद नोकरीत असताना गेला तर त्यालाच जोडलेल्या विम्याची रक्कमही असते, जास्तीत जास्त ७ लाख. कित्येक घरांना हे माहीतच नसतं, कारण पगारातून त्याचा हप्ता कधी कापला जात नाही, तो मालक भरतो. त्यासाठी फॉर्म ५-आयएफ, निधीसाठी फॉर्म २० आणि पेन्शनसाठी १०-डी. पण यातलं एक अक्षरही सांत्वनाच्या पत्रात नको. आम्ही दोन पत्रं काढायचो, दोन वेगळ्या पाकिटांत आणि मध्ये दिवस जाऊ देऊन. पहिलं शक्यतो तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत हातोहात पोचायचं. ते नेणारा त्याच्या टेबलाशेजारी बसलेला असावा, शिपायाच्या हाती पाठवू नये.

नॉमिनीचं म्हणाल, तर माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. एका तरुण कारकुनाने लागताना आईचं नाव लावलं होतं. पुढे लग्न झालं, नाव बदलायचं राहिलं. तो गेल्यावर पत्र आईच्या नावाने तयार झालं, बायकोचा उल्लेखच नाही. सेवापुस्तक पाहून मी ते थांबवलं. भविष्यनिर्वाह निधीत लग्नाआधीचं नामांकन लग्नानंतर रद्दच धरतात, म्हणजे पैशाच्या हिशेबानेही ते चुकीचंच होतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला सासरी चार माणसांत ते पत्र वाचून दाखवलं गेलं असतं, आणि त्यात ती कुठेच नसती. आम्ही दोन पत्रं केली, एक तिला, एक आईवडिलांना. मजकूर जवळपास तोच, पण प्रत्येकात पहिलं नाव जिचं तिचं.

पत्राआधी सेवापुस्तक उघडा. नावाचं शुद्धलेखन, रुजू झाल्याची तारीख, घरी कोण कोण आहे. १९ वर्षांच्या नोकरीला १७ लिहिलंत तर घरातलं कुणीतरी नक्की बोट ठेवतं, आणि ते रास्तच असतं.

भीमातीर
आमचं घर बौद्ध. वडील एका सरकारी महामंडळात होते. पत्र आलं त्यात "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो" आणि "कैलासवासी". आम्ही ईश्वरही मानत नाही आणि आत्माही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका आम्ही त्यांच्या ऑफिसात दिली होती, तिच्यावर 'कालकथित' छापलेलं होतं. म्हणजे नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. माझ्या काकांनी ते पत्र परत पाकिटात घातलं आणि कार्यक्रमात वाचलं नाही. वडिलांनी सगळं आयुष्य ज्या विचाराने काढलं, तो त्यांच्या शेवटच्या पत्रात पुसला गेला असं आम्हाला वाटलं. धाग्यातल्या पत्रात कुठलीच प्रार्थना नाही, ते मला पटलं. 'तेराव्यानंतर' मात्र मसुद्यात कायमचं ठेवू नका, सगळ्या घरांत तेरावं नसतं.

धागाकर्ती
भीमातीर, बरोबर आहे. त्या घरी तेरावं होतं म्हणून ते लिहिलं. पुढच्या मसुद्यात ती जागा कोरी ठेवते, घरी विचारून भरायची.

लाल_टोपी
मी सेफ्टी ऑफिसर. तुमच्याकडचा मृत्यू आजाराने झाला. कामावर अपघात झाला की पत्राचं सगळंच बदलतं. आमच्याकडे एक कंत्राटी कामगार वरून पडून गेला. वकिलांनी मसुद्यातून 'अपघात' काढून 'दुर्दैवी घटना' केलं, 'आमच्या कारखान्यात' हेही काढलं. उरलं ते इतकं गुळगुळीत की माणूस कुठे गेला तेच कळेना. मी हट्ट धरला. शेवटी असं ठरलं : कुठे आणि किती वाजता हे लिहायचं, कुणी त्याला उचललं आणि दवाखान्यात कोण सोबत होतं हे लिहायचं. कारणाबद्दल एक शब्द नाही, फक्त चौकशी सुरू आहे आणि तिचा निष्कर्ष घरी कळवू, एवढंच. वकीलही तयार झाले, कारण यात कबुली नव्हती आणि लपवाछपवीही नव्हती.

पत्र घेऊन गेलो तेव्हा त्याच्या भावाने पहिला प्रश्न विचारला, "कुणी जवळ होतं का?" उत्तर पत्रातच होतं. त्याने ती ओळ वहिनीला दोनदा वाचून दाखवली.

आणखी एक. अशा वेळी मालकाला वाटतं की लगेच काही रक्कम द्यावी आणि पत्रात तसं लिहावं. मदत जरूर करा, पण तिला 'नुकसानभरपाई' म्हणू नका. कामावरच्या मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, परस्पर घरी दिलेली सहसा त्यात धरत नाहीत. मग एका बाजूला मालक म्हणतो दिली, दुसऱ्या बाजूला घरचे म्हणतात ती मदत होती, आणि सांत्वनाचं पत्र सुनावणीत पुरावा म्हणून फिरतं.

कोकणची_लेक
माझ्या धाकट्या भावाच्या अनुकंपा नोकरीचं काम अडलंय, इथे कुणाला माहिती आहे का? वडील जिल्हा परिषदेत होते. सांत्वनाचं पत्र आलं नाही, फक्त थकबाकीचं आलं.

निवृत्त_आस्थापना
ताई, अर्जाला मुदत असते, तेव्हा तो आधी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगण्यावर थांबू नका. बाकी तुम्ही वेगळं विचारा, सविस्तर सांगतो.

मस्कतहून
आमच्या इथे रत्नागिरीकडचा एक मुलगा गेला. कंपनीचं पत्र इंग्रजीत, चांगलं होतं. पण आई मराठीच वाचते. मी ते मराठीत लिहून सोबत जोडलं आणि मॅनेजरनी दोन्हींवर सही केली. तिच्या गावातला पोरगा ते वाचून दाखवेल आणि मध्येच गाळेल, अशी मला भीती होती. मराठी असल्यामुळे ती स्वतः वाचू शकली.

गोदाकाठ
एक विचारायचं होतं. आत्महत्या असेल तर? आमच्या सोसायटीत तसं घडलं आणि कंपनीने पत्रच पाठवलं नाही. लिहिणं चुकीचं ठरेल असं त्यांना वाटलं म्हणे.

लाल_टोपी
पत्र न पाठवणं हे घरच्यांना आरोपासारखं वाटतं. मृत्यू कसा झाला याचा उल्लेख न करता कामाबद्दल तेवढं लिहावं, असं माझं मत. पण आमचे वकील अजून 'काहीच नको' यावरच आहेत.

धागाकर्ती
मला तर अशा घरी पत्राची जास्तच गरज वाटते. फक्त सही कुणाची, हे ठरत नाही. ज्या साहेबाच्या हाताखाली तो होता त्याची असावी, की नसावी? कुणी असं पत्र लिहिलं असेल तर जरूर लिहा.