१०३.५० रुपयांत कुणाचे किती?

ठाण्याचा पालक: मुलगी आठवीत. सरांनी फळ्यावर पेट्रोलचा भाव मांडून "यात बहुतेक करच" असं सांगितलं. शेकडेवारीसाठी पेढे-आंबे संपले का? वर्गात राजकारण कशाला?

गणित शिक्षक: मीही दरवर्षी हाच हिशोब घेतो, म्हणून राग आला. एप्रिल २०२५ चा मुंबईचा भाव धरा, १०३.५०. गणित उलटं सोडवायचं. आधी राज्याचे ठोक ५.१२ वजा करा, मग व्हॅट २५ टक्के म्हणून १.२५ ने भागा. आले ७८.७०. म्हणजे राज्याचे २४.८०. या ७८.७० मध्ये केंद्राचे २१.९० आधीच बसलेत. उरलेल्या ५६.८० मध्ये तेल, वाहतूक आणि पंपाचं कमिशन. पोरं दरवर्षी एकाच जागी चुकतात, १०३.५० चेच २५ टक्के काढतात. यात पक्ष कुठे आला?

पंपावरची हिशोबनीस: गणित बरोबर, पण "बहुतेक" चूक. केंद्राचे आणि राज्याचे मिळून ४६.७० म्हणजे ४५ टक्के, निम्म्याहून कमी. मे २०२० मध्ये दिल्लीत ७१.२६ पैकी ४९.४२ कर होता, तेव्हा ते वाक्य खरं होतं.

दुचाकीस्वार: खरं लुटतंय राज्य. केंद्र २१.९० मधले ४१ टक्के राज्यांना परत देतं, हे कुणी सांगत नाही!

हिशोबनीस: ४१ टक्के खरं, पण कशाचे? वाटणीला येतं ते फक्त मूळ उत्पादन शुल्क, लिटरमागे १.४०. बाकी सगळा अधिभार आणि उपकर, तो केंद्राकडेच राहतो. सगळ्या राज्यांना मिळून ५७ पैसे.

सातारकर: त्याच २१.९० मध्ये ५ रुपये रस्ते उपकर आहे ना? मग टोल कशाचा? मागच्या महिन्यात आईला दवाखान्यात नेताना एका नाक्यावर फास्टॅग वाचलाच नाही, दुप्पट भरले. पुढे रस्ता उखडलेला, आई मागच्या सीटवर कण्हत होती.

दुचाकीस्वार: टोलचा धागा वेगळा काढा.

सातारकर: का काढू? खिसा एकच आहे माझा! रस्त्याचे पैसे पंपावरही द्यायचे आणि नाक्यावरही?

गणित शिक्षक: उपकर फक्त टोलच्याच रस्त्यांसाठी नसतो. तरी तुमचा संताप समजतो.

सातारकर: समजून खड्डे बुजत नाहीत.

दुचाकीस्वार: बरं, ४१ टक्क्यांचं माझं चुकलं. पण सर, राज्य केंद्राच्या २१.९० वरही २५ टक्के लावतं. कराच्या डोक्यावर कर. ते लिहिता फळ्यावर?

गणित शिक्षक: जवळपास साडेपाच रुपये. नाही लिहिलं आजवर. लिहायला हवं होतं.

ठाण्याचा पालक: वही आत्ता पाहिली. केंद्र आणि राज्य असे रकानेच नाहीत, नुसतं "कर" लिहून खाली दोन रेघा मारल्यात. तुमच्यासारखं मांडलं असतं तर मी काही बोललो नसतो. राजकारणाबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.