चिठ्ठ्या कसल्या, सरळ लग्न करा ना!

वाचक_मिरज: ग्रुपवरची ती गोष्ट वाचली. रिटायर्ड मास्तर, शेजारची विधवा बाई, संध्याकाळचा चहा आणि बशीखालून चिठ्ठ्या. साठी उलटल्यावर हे चाळे? आवडते तर सरळ लग्न करा ना.

सुमेधा: चाळे म्हणे! ती लिहिते, 'आज आलं जास्त पडलंय, तुमच्या जिभेची सवय लागली चहाला', आणि मास्तर त्याच चिठ्ठीवर लाल पेनाने दोन वेलांट्या सुधारून खाली लिहितात, 'दहापैकी सहा, उद्या तोंडी परीक्षा'. यात कुणाचं काय बिघडलं? आणि तिचा नवरा रेल्वेत होता हे वाचलंत का, की तेवढ्यात चहा आला तुमचा? तिला फॅमिली पेन्शन आहे, दुसरं लग्न केलं की ती बंद, मुलगा तिशीचा कमावता म्हणजे त्याच्याकडेही वळणार नाही. हक्काचे पैसे सोडून तिने दर महिन्याला मास्तरांपुढे हात पसरायचा का?

दादा_परभणी: पेन्शनच कशाला, घरही जातं. आमच्या गल्लीत झालंय. बाईने लग्न केलं, दिरांनी बाहेर काढलं.

कोर्टातले_काका: दादा, ते 1856 च्या विधवा विवाहाच्या कायद्यात होतं. 1956 नंतर नवऱ्याच्या मागे बाईला आलेला हिस्सा तिच्या पक्क्या मालकीचा, नंतर लग्न केलं म्हणून परत जात नाही. मृत्युपत्रात तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. पेन्शनचं सुमेधाताईंचं बरोबर आहे. मूलबाळ नसतं तर केंद्राच्या नियमाने लग्नानंतरही चालू राहिली असती, बाकीचं उत्पन्न मर्यादेत असेल तर. इथे मुलगा आहे, म्हणजे विषय संपला.

वाचक_मिरज: मी गोष्टीवर बोललो, तुम्ही ट्रेझरी ऑफिस उघडून बसलात.

निर्मलामावशी: माझे मिस्टर जिल्हा परिषदेत होते. नोव्हेंबरात बँकेत हयातीचं द्यायला गेले की पुन्हा लग्न केलं नाही असंही लिहून द्यावं लागतं आमच्याकडे. गेल्या खेपेला काउंटरवरचा पोरगा हसत म्हणाला, आजी नक्की ना? सगळी रांग हसली. मी सही केली आणि घरी येऊन कुणाशी बोलले नाही. चहाला तर मला कुणी बोलावतही नाही.

दादा_परभणी: मावशी, त्या पोराची तक्रार करायची होती मॅनेजरकडे. आणि काका, कायदा तुमच्या पुस्तकात, बाई भाड्याच्या खोलीत!

कोर्टातले_काका: कारण तिने दावाच लावला नसणार. सात-बारा नाहीतर प्रॉपर्टी कार्डावर तिचं नाव चढलं होतं का ते विचारा आधी. कागद बघितल्याशिवाय मी बोलणार नाही.

वाचक_मिरज: बरं बाबा, नका करू लग्न, घ्या पेन्शन! पण चिठ्ठी सुनेच्या हाती लागते आणि ती वाचून गुपचूप बशीखाली परत ठेवते, हे तरी पटलं का कुणाला?

सुमेधा: ते नाही पटलं. आमच्याकडे असतं तर रात्रीच्या आत नणंदेपर्यंत फोटो गेला असता.